एगनॉग असो वा तालमीतलं दूध-अंडं: कच्च्याऐवजी मंद शिजवलेला बेस

तालमीत आणि जिममध्ये ग्लासभर दुधात अंडं फोडून एका दमात पिण्याची सवय जुनी आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांत नोव्हेंबर-डिसेंबर आला की एगनॉग हे पेय समोर येतं. दूध, साय, साखर, अंडं आणि वरून जायफळ. दुकानातल्या खोक्यातलं एगनॉग पाश्चराइज केलेलं असतं, पण घरी जुन्या पद्धतीनं केलं तर त्यात अंडं कच्चंच जातं. ही दोन्ही पेयं एकाच बेसवर करता येतात आणि तो बेस करायला वीसेक मिनिटं पुरतात. पेय पातळच राहतं, चव उलट जास्त गोल येते, आणि अंडं खरोखर शिजलेलं असतं.

धोका नेमका कुठे असतो

अंड्यातून येणारा मुख्य जंतू म्हणजे साल्मोनेला. तो दोन वाटांनी येतो. एक वाट बाहेरची: कवचाला लागलेली विष्ठा, मळ, ट्रेमधल्या फुटक्या अंड्याचा चिकट डाग. दुसरी वाट आतली आहे आणि ती डोळ्यांना दिसत नाही. कोंबडीच्या अंडाशयाला संसर्ग असेल, तर कवच तयार होण्याआधीच जंतू अंड्यात बसलेला असतो. अशा अंड्याला वास येत नाही, रंग बदलत नाही, बलक घट्ट आणि गोल दिसतो. पाण्यात टाकून अंडं तरंगतं का बुडतं हे पाहिल्यावर ते किती शिळं आहे एवढंच कळतं, आत जंतू आहे की नाही ते नाही.

म्हणून ‘गावरान आहे, ओळखीच्या घरचं आहे’ हा भरवसा इथे कामाचा नाही. अंगणात फिरणाऱ्या कोंबडीलाही हाच संसर्ग होतो. अंडी आणल्या आणल्या धुऊन ठेवण्याचाही उपयोग नाही. पाणी अंड्यापेक्षा थंड असेल, तर आतला भाग आक्रसतो आणि कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेरची घाण आत ओढली जाऊ शकते. डाग असेल तर कोरड्या कापडानं पुसावा आणि असं अंडं पूर्ण शिजवायच्या पदार्थात वापरावं. तडा गेलेलं अंडं या कामाला घेऊच नये.

बहुतेक अंड्यांत काहीच नसतं, त्यामुळे वर्षानुवर्षं कच्चं अंडं पिऊनही काही न झालेले लोक भेटतात. ते खोटं बोलत नाहीत. पण ज्या दिवशी जंतू असलेलं अंडं हाती येतं, तो दिवस आधी ओळखता येत नाही. पार्टीसाठी डझनभर अंडी एकाच पातेल्यात फोडली की एका अंड्यातला जंतू सगळ्यांच्या ग्लासात जातो. ते पातेलं दोन तास ओट्यावर राहिलं तर तोवर त्याची संख्याही वाढलेली असते.

त्रास साधारण ६ तासांपासून ६ दिवसांपर्यंत कधीही सुरू होतो: जुलाब, ताप, पोटात कळा, कधी उलट्या. धडधाकट माणूस बहुतेक वेळा ४ ते ७ दिवसांत बरा होतो. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर स्त्रिया, वयस्कर माणसं आणि केमोथेरपी किंवा अवयव प्रत्यारोपणामुळे प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांच्यात हाच आजार रक्तात पसरू शकतो. अशांच्या ग्लासात कच्चं अंडं जाऊच नये. जुलाबात रक्त दिसलं, ताप चढाच राहिला किंवा लघवी कमी झाली तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टरकडे जावं.

इंग्लंडहून आलेले नातेवाईक ‘आमच्याकडे चालतं’ म्हणतात, ते त्यांच्यापुरतं खरं आहे. तिथे सिंहाचा शिक्का असलेल्या अंड्यांमागे कोंबड्यांचं लसीकरण आणि तपासणीची साखळी आहे. त्या आधारावर तिथल्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१७ मध्ये, त्या शिक्क्याची अंडी गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांनीही कच्ची किंवा अर्धकच्ची खाल्ली तरी चालतील, असा सल्ला दिला. आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातल्या उघड्या ट्रेला तो सल्ला लागू होत नाही.

आणि ताकदीचं म्हणाल, तर हिशोब उलटाच आहे. बेल्जियममधल्या ल्यूव्हेन इथल्या संशोधकांनी १९९८ मध्ये मोजून पाहिलं, तेव्हा शिजवलेल्या अंड्यातलं सुमारे ९१ टक्के प्रथिन पचलं आणि कच्च्यातलं जेमतेम ५१ टक्के. अभ्यास अगदी छोटा होता, मोजक्या पाच जणांवरचा, पण फरक मोठा आहे. शिवाय कच्च्या पांढऱ्यात ॲव्हिडिन नावाचं प्रथिन असतं, ते बायोटिन या जीवनसत्त्वाला धरून ठेवतं. एखाद्या अंड्यानं काही बिघडत नाही, पण रोज चार-सहा कच्ची अंडी महिनोन् महिने पिणाऱ्याला ते महागात पडू शकतं.

‘दूध गरम असतं की!’

गरम दुधात अंडं फोडलं की ते शिजतं, हा सगळ्यात पक्का बसलेला गैरसमज. आकडे घालून पाहू. ग्लासात २०० मिली दूध आहे, ओठांना सोसेल इतकं गरम, म्हणजे साधारण ६० अंश सेल्सिअस. त्यात ५० ग्रॅमचं अंडं फोडलं, खोलीच्या तापमानाचं, समजा २८ अंश. दोन्ही मिसळल्यावर तापमान येतं साधारण ५३ ते ५४ अंश. ग्लास स्वतः थोडी उष्णता खातो, त्यामुळे प्रत्यक्षात आणखी कमी. या तापमानाला जंतू आरामात तग धरतात.

दूध ८० अंशांचं घेतलं तरी मिश्रण ६९-७० च्या आसपास येतं आणि लगेच खाली उतरू लागतं. नुकतं उकळलेलं दूध ओतलं तर आकडा ८० च्या वर जातो खरा, पण तेव्हा दुसराच घोळ होतो. दुधाची पहिली धार जिथे पडते तिथलं पांढरं क्षणात गोठतं आणि तळाशी अंडं कोमटच राहतं. ग्लासात दोरे तरंगतात आणि खाली कच्चा बलक. म्हणजे चवही गेली आणि खात्रीही नाही.

रम किंवा ब्रँडी घातली की जंतू मरतात, या समजाचंही तसंच. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात कडक दारूचं एगनॉग आठवडे मुरवून तपासलं, तेव्हा त्यातले जंतू शेवटी मेलेले आढळले. पण ते आठवड्यांचं काम होतं आणि त्यात दारूचं प्रमाण चांगलंच जास्त होतं. संध्याकाळी ढवळून रात्री वाढलेल्या पेयाला त्याचा आधार नाही.

७१ अंश का

अमेरिकेच्या कृषी खात्यानं अंड्याच्या पदार्थांसाठी १६० फॅरनहाइट, म्हणजे ७१ सेल्सिअस ही मर्यादा सांगितली आहे. या तापमानाला साल्मोनेला काही क्षणांत मरतो. कमी तापमानातही तो मरतो, पण वेळ लागतो. कारखान्यात नुसतं फेटलेलं अंडं ६० अंशांवर साडेतीन मिनिटं धरून पाश्चराइज करतात. घरच्या गॅसवर ६० अंश इतकं अचूक धरता येत नाही, आणि साखर घातली की जंतू उष्णतेला जरा जास्तच टिकतात. त्यामुळे घरी ७१ गाठणं हाच सोपा मार्ग.

आता गंमत अशी की नुसतं अंडं ७१ अंशांवर गोळा होतं, पण दूध-साखरेत मिसळलेलं अंडं होत नाही. दूध प्रथिनांना एकमेकांपासून लांब ठेवतं आणि साखर त्यांचं गोठणं लांबवते. असं मिश्रण साधारण ८० अंशांना दाट होतं आणि ८५ च्या पुढे फुटतं. म्हणजे ७१ ते ८० एवढी जागा आपल्या हातात आहे. त्यातल्या ७४-७५ वर थांबायचं.

साहित्य, चार कपांसाठी

अंडी ३. दूध अर्धा लिटर, म्हशीचं किंवा फुल क्रीम, उकळून फ्रीजमध्ये गार केलेलं. त्याचे दोन सारखे भाग करायचे: अर्धं शिजवायला, अर्धं नंतर गारच मिसळायला. साखर ४० ग्रॅम, म्हणजे सपाट तीन मोठे चमचे. चिमटीभर मीठ. जायफळ ताजं किसून पाव चमचा. एगनॉगच करायचं असेल तर शेवटी घालायला १०० मिली क्रीम.

भांडं जाड बुडाचं हवं. ढवळायला सिलिकॉनचा सपाट उलथना सगळ्यात चांगला, कारण तो बुडाला घासून जातो, चमचा नुसता मधून फिरतो. बारीक जाळीची गाळणी, एक मोठं भांडं बर्फाच्या पाण्यासाठी, आणि टोकाची सळई असलेला स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर. ताप मोजायचा थर्मामीटर इथे चालत नाही, तो ४२-४३ अंशांपलीकडे जातच नाही.

थर्मामीटर आणला की आधी तपासा. ग्लास बर्फाच्या चुऱ्यानं भरून वर थोडं पाणी घाला, ढवळा, मिनिटभरानं सळई मधोमध धरा. आकडा ० च्या आगेमागे एक अंशात यायला हवा. उकळत्या पाण्यानं तपासणार असाल तर गावाची उंची लक्षात घ्या: मुंबईत पाणी १०० ला उकळतं, पुण्यात ९८ च्या आसपास, महाबळेश्वरला ९५-९६ ला. तिथे ९६ दिसलं म्हणून थर्मामीटर परत करायला जाऊ नका.

कृती

१. प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडा, मग मोठ्या भांड्यात ओता. एखादं खराब निघालं तर बाकीची वाचतात. हात लगेच साबणानं धुवा.

२. साखर आणि मीठ घालून लगेच फेटायला घ्या. साखर बलकावर तशीच पडून राहिली तर ती त्यातलं पाणी ओढते आणि बलकाचे कडक कण होतात, ते नंतर विरघळत नाहीत. पांढऱ्याचा दोरा दिसेनासा होईपर्यंत फेटा. चमचा वर उचलल्यावर धार तुटक, गुठळीसारखी पडत असेल तर अजून अर्धा मिनिट. मात्र फेस काढायचा नाही. फेस जास्त झाला की खालचं मिश्रण कुठवर आलंय ते दिसत नाही.

३. अर्धं दूध, म्हणजे २५० मिली, मध्यम आचेवर ठेवा. कडेनं बारीक बुडबुडे आणि वाफ दिसली की गॅस बंद. उकळी नको.

४. एका हातानं अंडं फेटत राहा आणि दुसऱ्या हातानं गरम दूध बारीक धारेनं सोडा. पहिलं अर्धं कप दूध अगदी सावकाश, कारण अंडं गोठतं ते इथेच. नंतर धार मोठी केली तरी चालते.

५. सगळं परत पातेल्यात ओता आणि मंद आचेवर ठेवा. ज्या भांड्यात अंडी फेटली ते आणि तो फेटणा त्याच वेळी सिंकमध्ये टाका. हे सांगायचं कारण पुढे येईल.

६. आता हात थांबवायचा नाही. उलथना बुडाला टेकवून इंग्रजी आठच्या आकारात फिरवा, मग कडेनं एक फेरा, परत आठ. सुरुवातीची पाच-सात मिनिटं काहीच होत नाहीसं वाटतं, आणि आच वाढवायचा मोह नेमका तेव्हाच होतो. वाढवू नका. ६५ च्या पुढे आकडा भराभर चढतो. सळई मधोमध धरा, बुडाला टेकली तर भांड्याचं तापमान दाखवते आणि तुम्ही फसता. ७१ दिसलं की आणखी ढवळून दोन-तीन ठिकाणी मोजा. सगळीकडे ७१ च्या वर आलं आणि मधे ७४-७५ झालं की पातेलं गॅसवरून उतरवा. नुसता गॅस बंद करून तिथेच ठेवू नका, तापलेलं बूड आणखी चार-पाच अंश चढवतं.

७. लगेच धुतलेल्या, कोरड्या भांड्यात गाळा. गाळणीत पांढऱ्याचे दोन-चार कण राहतात, ते चमच्यानं दाबून खाली ढकलू नका. गाळून झालं की बाजूला ठेवलेलं गार दूध मिसळा. यानं मिश्रण एकदम खाली येतं आणि शिजणं थांबतं.

८. भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून दहा मिनिटं ढवळा, मग झाकून फ्रीजमध्ये. तीन-चार तासांत ते आटवायला घेतलेल्या बासुंदीच्या पहिल्या टप्प्याइतकं दाट होतं. वाढताना क्रीम आणि जायफळ. मोठ्यांसाठी रम किंवा ब्रँडी घालायची तर ग्लासमागे ३० मिली, आणि बेस पूर्ण गार झाल्यावरच.

फ्रीजमध्ये दोन दिवस ठेवावं, त्याहून जास्त नाही. बाहेर दोन तासांच्या वर नाही, आणि एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तासाभरातच आत जायला हवं. मोठा जग टेबलावर ठेवण्यापेक्षा छोटे जग आळीपाळीनं फ्रीजमधून काढणं बरं.

थर्मामीटर नसेल तर

अर्धंच दूध आचेवर घेण्याचा एक फायदा इथे कळतो. अंड्याचं प्रमाण जास्त असल्यानं दाट होण्याची खूण स्पष्ट दिसते. आधी वरचा फेस विरू लागतो. मग स्टीलच्या चमच्याची पाठ बुडवून बाहेर काढली की तिच्यावर सायीसारखा पातळ थर राहतो. त्यावर बोटानं रेघ ओढा आणि चमचा आडवा धरा. रेघ स्वच्छ राहिली, वरून ओघळ येऊन बुजली नाही, की समजा मिश्रण ७१ च्या पुढे गेलं आहे. ही खूण ७१ ला नाही, त्यानंतर उमटते, त्यामुळे ती सुरक्षित बाजूला आहे. पण ती आणि फुटणं यांत अंतर थोडंच, म्हणून रेघ टिकली की त्याच क्षणी उतरवा. गरोदर बाई, लहान मूल किंवा आजारी माणूस पिणार असेल तर मात्र अंदाजावर जाऊ नये, थर्मामीटर घ्यावाच.

बिघडतं ते इथे

मिश्रणात बारीक रवा दिसू लागला तर ते फुटायला लागलंय. पातेलं लगेच थंड पाण्यात टेकवा, थोडं गार दूध घाला, कोमट झाल्यावर मिक्सरमध्ये दहा-पंधरा सेकंद फिरवून गाळा. बऱ्याचदा वाचतं. पाणी वेगळं झालं असेल आणि उकडलेल्या अंड्याचा वास येत असेल तर मिक्सरनं ते दिसायला गुळगुळीत होईल, वास जाणार नाही. ते टाकून द्यावं किंवा ब्रेड पुडिंगमध्ये ढकलावं.

बुडाला चिकट थर बसला तर आच जास्त होती. तो खरवडू नका, वरचं तेवढं हलकेच ओता. गार झाल्यावरही पेय दुधासारखं पातळ राहिलं आणि तापमान मोजलेलं नसेल, तर बहुधा ते ७१ पर्यंत पोचलंच नाही. त्या वेळी ‘चव बरी आहे’ म्हणून पिऊ नये. नुकतंच केलेलं असेल तर परत मंद आचेवर चढवून ७५ करा. रात्रभर ठेवलेलं असेल तर सोडून द्या.

सगळ्यात सहज होणारी चूक मात्र शिजवण्यातली नाही, भांड्यांतली आहे. बेस नीट ७५ पर्यंत नेला, आणि मग गाळला त्याच भांड्यात, ज्यात अंडी फेटली होती. कडेला कच्च्या अंड्याची पिवळी रेष वाळलेली असते, तेवढी पुरते. फेटणा, चव पाहायचा चमचा, थर्मामीटरची सळई यांचंही तेच. सळई ६० वर असताना बुडवली असेल तर शेवटचं मोजण्याआधी गरम साबणाच्या पाण्यानं धुवा.

तालमीतलं दूध-अंडं, याच बेसवर

एका माणसासाठी २ अंडी आणि ३०० मिली दूध घ्या, त्यातलं १५० मिली शिजवायला. कृती तीच. साखर नको असेल तर एक गोष्ट सांभाळा: साखरेशिवाय आणि कमी दुधात अंडं लवकर दाट होतं. इथे ७२-७३ लाच उतरवा आणि आच आणखी मंद ठेवा. गूळ घालायचा तर आचेवर असताना कधीच नको, गुळातल्या आंबटपणानं गरम दूध फाटतं. बेस पूर्ण गार झाल्यावर, प्यायच्या वेळी घाला. खजूर वाटून किंवा केळं घालून मिक्सरमध्ये फिरवलं तर साखरेची गरज उरत नाही. वेलची-जायफळ हवंच, नाहीतर अंड्याचा वास पुढे येतो.

रात्री करून फ्रीजमध्ये ठेवलं तर सकाळच्या व्यायामानंतर थंडच पिता येतं. गरम हवं असेल तर मंद आचेवर ढवळत तापवा, उकळी येऊ देऊ नका.

वरचा पांढरा फेस

जुन्या एगनॉगमध्ये शेवटी कच्चं पांढरं फेटून वर घालतात, पेरू देशातल्या पिस्को सावर या कॉकटेलवर असतो तो फेसही कच्च्या पांढऱ्याचाच. बेस शिजवून वर कच्चा फेस घातला तर सगळी मेहनत वाया. सोपा पर्याय फेटलेलं क्रीम. पांढऱ्याचाच फेस हवा असेल तर २ अंड्यांचं पांढरं आणि ५० ग्रॅम साखर काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात घ्या, ते भांडं मंद वाफाळणाऱ्या पाण्यावर ठेवा, बूड पाण्याला लागू देऊ नका, आणि सतत ढवळत ७१-७२ अंशांवर न्या. साखर घातल्याशिवाय हे करू नका, पांढरं ६२-६३ पासूनच गोठायला लागतं. उतरवून धुतलेल्या फेटण्यानं भांडं गार होईपर्यंत फेटलं की चकचकीत, घट्ट फेस येतो. कच्च्या पांढऱ्यापेक्षा तो जरा जड असतो, पण ग्लासावर अर्धा तास सहज उभा राहतो.